परदेशातून भारतातला 1800 चा नंबर लागत नाही? आधी हे बघा, मग लांब नंबर लावा

मी अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि दर महिना-दोन महिन्यांनी कोणाचा तरी फोन येतोच, अगं बँकेचा नंबर लागत नाहीये, काय करू. कधी मंडळातलं कोणी असतं, कधी कोणाचे आईवडील उन्हाळ्यात इकडे आलेले असतात. बिघाड दर वेळी तोच आणि उपायही जवळपास तोच, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. बँकेचं उदाहरण धरून लिहिलंय कारण नव्वद टक्के वेळा तीच गरज असते, पण विमा, इन्कम टॅक्स, गॅस, ब्रोकर यांच्या हेल्पलाइनलाही हेच लागू होतं.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं ते ओळखलं की अर्धं काम झालं.

नंबर लावल्यावर लगेच रेकॉर्ड केलेला आवाज येतो की असा कॉल जोडता येत नाही. किंवा नुसतं टूं टूं टूं. किंवा काहीच नाही, दहा-पंधरा सेकंद शांतता आणि कट. दुसरं लक्षण जास्त वाईट, फोन लागतो, रिंग जाते, कोणीतरी उचलतं, पण ती तुमची बँक नसतेच, कोणी भलताच इंग्रजीत बक्षीस लागलं म्हणून सांगत असतो. तिसरं म्हणजे लांब नंबर, म्हणजे +91 लावून करायचा साधा पूर्ण नंबर, सापडला, लावला, तरी "नंबर अस्तित्वात नाही". आणि चौथं, लांब नंबर लागला, मेन्यू सुरू झाला, पण तुम्ही 1 दाबा, 2 दाबा, पलीकडे काही पोचतच नाही, किंवा ते रजिस्टर्ड मोबाइलवरूनच फोन करा म्हणतात.

हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कळलं नाही तर माणूस तोच नंबर वीस वेळा लावत बसतो. 1800 हा खरा फोनच नाहीये. त्या नंबरची कुठे वायर नाही, टेबलावर ठेवलेलं यंत्र नाही. भारतातली फोन कंपनी तो नंबर आला की आपल्या यादीत बघते की हा कोणाचा, आणि कॉल खऱ्या, साध्या नंबरकडे वळवते, आणि त्याचे पैसे तुमच्याऐवजी बँकेला लावते. आता तुम्ही अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या कंपनीचं सिम वापरताय, त्या कंपनीकडे ना ती यादी, ना भारतातल्या बँकेला बिल पाठवायची काही सोय. मग ती कॉल घेतच नाही. म्हणजे तुमच्या फोनमध्ये काही बिघडलेलं नाही, रेंज छान आहे, फोन बंद-चालू करून, सिम काढून घालून काहीही होणार नाही. 1860 वाल्या नंबरांचंही तेच, आणि आधारचा 1947, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 असल्या चार आकडी नंबरांचंही तेच, ते देशाच्या आतच चालतात.

पण ज्या खऱ्या नंबरकडे कॉल वळतो तसा एखादा पूर्ण लांबीचा नंबर बहुतेक मोठ्या संस्था वेगळा देऊन ठेवतात. आपल्याला तोच शोधायचाय.

पहिलं, फुकटचं: तुम्ही नक्की काय डायल केलंत ते बघा

कॉल लिस्ट उघडा आणि आकडे वाचा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांचं उत्तर इथेच मिळतं.

तुम्ही अमेरिका किंवा कॅनडात असाल आणि नुसतं 1800 लावून पुढचे सात आकडे दाबले असतील तर लगेच थांबा. इथे 1 हा देशाचाच कोड आहे आणि 800 हा इथल्या टोल-फ्रीचा. आपल्याकडचे 1800 वाले बरेच नंबर अकरा आकड्यांचे असतात आणि इथले 1-800 वालेही अकरा आकड्यांचेच. म्हणजे तुमच्या बँकेचा नंबर इथे दुसऱ्याच कोणाचा तरी असू शकतो. सगळे नंबर असे लागत नाहीत, काही लागतात आणि काही नाही, आणि लोक याच गोष्टीने गोंधळतात. त्याचं कारण साधं आहे, इथल्या नंबरात 800 च्या पुढचा आकडा 0 किंवा 1 असू शकत नाही, 2 ते 9 च असावा लागतो.

इन्कम टॅक्सच्या ई-फायलिंग हेल्पडेस्कचे दोन टोल-फ्री नंबर घ्या:

```
1800 103 0025
1800 419 0025
```

इथून पहिला लावला तर 800 नंतर 1 येतो, असा नंबर अमेरिकेत असूच शकत नाही, म्हणून रेकॉर्डेड आवाज. दुसऱ्यात 4 येतो, इथल्या नियमात तो अगदी बरोबर बसतो, म्हणजे कोणाला दिलेला असेल तर तिकडे रिंग जाईल. एकाच ऑफिसचे दोन नंबर आणि लक्षणं दोन वेगळी. म्हणून "लागला की हो" म्हणून खूश होऊ नका, लागला आणि समोर भारतीय बँकेचा मेन्यू नसेल तर एक शब्द न बोलता ठेवून द्या.

आणि हे फक्त अमेरिकेत राहणाऱ्यांपुरतं नाही हं. दुबईतल्या माझ्या एका मैत्रिणीने विचार केला की परदेशातून प्लस लावतात, म्हणून 1800 च्या आधी नुसता प्लस लावला. +1 म्हणजे अमेरिका-कॅनडा, त्यामुळे तिचा फोन थेट अमेरिकेत गेला. 1800 च्या आधी नुसता प्लस कधीच लावू नका.

काही जण +91 लावून पुढे 1800 लावतात. बहुतेक वेळा लागत नाही. क्वचित एखादी कंपनी कॉल सोडते आणि लागतोही, पण मग तो फुकट नसतो, भारताच्या कॉलचा नेहमीचा दर पडतो. एकदा करून बघायला हरकत नाही, निदान चुकीच्या देशात तरी जाणार नाही. नाही लागला तर दुसऱ्यांदा प्रयत्न करू नका, पुढे चला.

दुसरं: लांब नंबर शोधा, पण योग्य जागी

ही पायरी सोपी आहे आणि धोकाही इथेच सगळ्यात जास्त आहे.

सगळ्यात आधी कार्ड उलटं करा. डेबिट किंवा क्रेडिट कार्डाच्या मागे बारीक अक्षरात टोल-फ्रीच्या शेजारी किंवा खाली +91 ने सुरू होणारा नंबर बऱ्याचदा असतो, "भारताबाहेरून" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं असतं. अक्षर इतकं बारीक की चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि कार्ड जुनं असेल तर घासून गेलेलं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करून बघा. कार्ड हरवलंच असेल तर महिन्याचं ईमेल स्टेटमेंट उघडा, शेवटच्या पानावर तळाशी असतो. ॲपमध्ये लॉगिन न करताही पहिल्या स्क्रीनवर कॉन्टॅक्टचं बटण असतं, तिथे बघा. आणि मग वेबसाइट, त्यात एनआरआय सेक्शन असेल तर आधी तिकडे जा, साध्या कॉन्टॅक्ट पानावर कधी फक्त 1800 दिलेला असतो आणि एनआरआय पानावर लांब नंबर मिळतो.

गूगलवर बँकेचं नाव आणि कस्टमर केअर टाकून वर जो नंबर दिसेल तो लावायचा नाही. हे मी कळकळीने सांगतेय. जाहिरातीत, मॅपवर, कोणाच्या तरी ब्लॉगवर खोटे नंबर टाकलेले असतात, आणि घाबरलेला माणूस पहिला दिसेल तो लावतो. आता एक सोय झालीये, रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइट `.bank.in` वर न्यायला सांगितलं होतं, आणि हे डोमेन बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. तेव्हा पत्ता `.bank.in` ने संपतोय का ते बघा आणि मगच तिथला नंबर उचला. सरकारी ऑफिस असेल तर `gov.in`.

ओळखायची आणखी एक खूण. लांब नंबर बहुधा शहराच्या कोडने सुरू होतो, मुंबई 22, पुणे 20, बेंगळुरू 80, चेन्नई 44, दिल्ली 11, हैदराबाद 40. बँकेचा म्हणून कोणी 9 किंवा 8 ने सुरू होणारा साधा मोबाइल नंबर दिला तर मी तरी तो लावत नाही. (बेंगळुरूचा 80 आहे म्हणून 8 बघून दचकू नका, पण तो मोबाइलसारखा दिसतो खरा, म्हणून वेबसाइटवर ताडून घ्या.)

तिसरं: नंबर लिहायची पद्धत

लांब नंबर सापडूनही लागत नाही तेव्हा दहातल्या आठ वेळा शून्याची भानगड असते. भारतात आपण मुंबईला 022 लावतो. ते 0 फक्त देशातल्या देशात दुसऱ्या शहराला लावायचं असतं. परदेशातून +91 लावलं की ते 0 गळून जातं. लोक मात्र कार्डावर 022 छापलंय म्हणून +91 022 असं लावतात आणि मग "नंबर अस्तित्वात नाही".

सोपा हिशोब, +91 च्या पुढे बरोबर दहा आकडे आले पाहिजेत. बोट ठेवून मोजा. शहराचा कोड आणि स्थानिक नंबर मिळून दहाच होतात, मुंबईचे 22 आणि पुढे आठ, नाशिकचे 253 आणि पुढे सात. अकरा झाले तर शून्य राहिलंय, नऊ झाले तर टाइप करताना एक आकडा गळलाय.

मगाचं इन्कम टॅक्सचंच बघा, त्यांनी टोल-फ्रीच्या जोडीला लांब नंबरही दिलेत, त्यातला एक:

```
+91 80 46122000
```

80 म्हणजे बेंगळुरू, पुढे आठ आकडे, एकूण दहा. बरोबर.

मोबाइलवर प्लस चालतो, 0 वर बोट दाबून धरलं की येतो. घरच्या किंवा ऑफिसच्या साध्या फोनवर प्लस नसतो, तिथे त्या देशाचा बाहेर पडायचा कोड लावावा लागतो. अमेरिका-कॅनडात 011, युरोप आणि आखातात 00, ऑस्ट्रेलियात 0011. म्हणजे इथल्या लँडलाइनवरून 011 91 80 आणि पुढचे आठ. यात 011 बघून पुष्कळांना दिल्ली वाटते, दिल्लीचा इथे काही संबंध नाही.

चौथं: तुमच्या फोनला परदेशी कॉल करायची परवानगी आहे का

नंबर बरोबर, दहा आकडे बरोबर, तरी लागत नाही. मग भारतातल्या आपल्या घरच्या मोबाइलवर त्याच फोनने साधा कॉल करून बघा, व्हॉट्सॲपवरून नाही, साध्या डायलरने. ही टेस्ट एका मिनिटाची आहे पण सगळं सांगून जाते. घरचाही लागत नसेल तर प्रश्न बँकेच्या नंबराचा नाहीच, तुमच्या प्लॅनमध्ये आंतरराष्ट्रीय कॉल बंद आहेत किंवा प्रीपेडमध्ये बॅलन्स नाही. आपण सगळे आता घरी व्हॉट्सॲपनेच बोलतो, त्यामुळे वर्षानुवर्षं हे बंद असल्याचं कळतच नाही आणि नेमकं अडचणीच्या दिवशी कळतं.

व्हॉट्सॲपने बँकेचा लँडलाइन नंबर लागत नाही, हेही सांगून ठेवते कारण बरेच जण तो सेव्ह करून कॉल बटण शोधत बसतात. व्हॉट्सॲप फक्त व्हॉट्सॲपला लागतं. पूर्वी मी सगळ्यांना स्काइप सांगायचे, ते मे २०२५ मध्ये बंद झालं. अमेरिकेत असाल तर गूगल व्हॉइसमध्ये थोडे डॉलर भरून ठेवा, भारताचा कॉल स्वस्तात होतो. दुबई-अबुधाबीकडे असले इंटरनेट कॉल सरसकट चालत नाहीत, तिथे सिमच्या कंपनीचाच आंतरराष्ट्रीय पॅक घ्यावा.

भारताचं सिम रोमिंगवर घेऊन आला असाल तर लक्षात घ्या, तुमचं सिम भारताचं असलं तरी कॉल इथल्या टॉवरवरून जातो, म्हणून नुसतं 1800 लावलं तर तेही इथलंच समजलं जातं. +91 वाला लांब नंबर लागेल, पण रोमिंगच्या दराने, आणि बँका वीस-वीस मिनिटं संगीत ऐकवत होल्डवर ठेवतात ते सगळं मीटरवर. त्यापेक्षा ज्यांच्याकडे उतरलात त्यांच्या इथल्या फोनवरून करा. भारतीय सिम मात्र चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येणार.

मागच्या उन्हाळ्यात मावशीचं काय झालं ते सांगते, त्यात वरचं सगळं एका तासात आलं.

मावशी सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. एके सकाळी सहा वाजता उठून बघते तर तिच्या भारतीय फोनवर मेसेज, डेबिट कार्डावरून साडेअठरा हजार गेले. तिने काही घेतलेलं नाही. मला उठवायला नको म्हणून तिने स्वतःच कार्डामागचा मोठ्या अक्षरातला 1800 नंबर आमच्या घरच्या फोनवरून लावला. लागला. पलीकडून अभिनंदन, तुम्हाला भेट मिळालीये, फक्त पाठवणावळीसाठी कार्ड नंबर सांगा. मावशीला वाटलं बँकच विचारतेय, कार्ड ओळखण्यासाठी. ती सोळापैकी आठ आकडे बोलून झाली होती तेव्हा मी पाणी प्यायला खाली आले आणि ऐकून फोन काढून घेतला. ती इतकी घाबरली की हात थरथरत होते तिचे, आणि मला आजही वाईट वाटतं की ती आल्या दिवशीच मी तिला हे सांगून ठेवायला हवं होतं.

मग कार्डाचा फोटो काढून मोठा केला, खाली बारीक अक्षरात 022 ने सुरू होणारा नंबर दिसला. मावशीने तो माझ्या मोबाइलवर लावला, प्लस 91 आणि पुढे 022. नाही लागला. मोजले, अकरा आकडे. शून्य काढलं, दहा झाले, पहिल्या रिंगला मेन्यू सुरू. पण माझा अमेरिकन नंबर बँकेला माहीत नाही, त्यामुळे मेन्यूने आधी रजिस्टर्ड मोबाइल नंबर टाकायला सांगितला, मग कार्डाचे शेवटचे चार आकडे. कार्ड ब्लॉक करायचा पर्याय निवडला, तिथे ओटीपी मागितला नाही, लगेच कार्ड बंद झालं आणि मेसेज आला. मग व्यवहाराची तक्रार नोंदवायला माणसाशी बोलणं भाग होतं, तिथे सतरा मिनिटं होल्ड. तक्रार क्रमांक घेतला, कागदावर लिहिला, वेळही लिहिली, भारताची आणि इथली दोन्ही. पैसे परत यायला दीड महिना लागला, पण आले.

पाचवं: लागला, पण मेन्यू ऐकत नाही

बटणं दाबूनही पुढे जात नसेल तर बहुतेक तुम्ही इंटरनेट ॲपवरून कॉल केलाय. बटणाचा तो जो टुक आवाज जातो तो इंटरनेटवरून जाताना कधी कधी तुटतो आणि पलीकडच्या यंत्राला कळत नाही. फोनचा डायल पॅड उघडून एकेक आकडा सावकाश दाबा, स्पीकरफोन बंद करा. तरी नाही तर साध्या मोबाइल कॉलने लावा, ॲप सोडून द्या. बऱ्याच मेन्यूंमध्ये काहीच न दाबता दोन-तीनदा वाट पाहिली की आपोआप माणसाकडे जोडतात, तेही करून बघा.

ॲपने कॉल केला की तुमचा नंबर पलीकडे दिसत नाही किंवा भलताच दिसतो, आणि काही ठिकाणी असे कॉल घेतच नाहीत. कॉलर आयडी लपवायचं सेटिंग चालू असेल तर ते आधी बंद करा.

वेळही बघा. कार्ड ब्लॉक करायची लाइन चोवीस तास असते, बाकीची कामं ऑफिसच्या वेळेत. न्यू जर्सी उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, म्हणजे तिकडचे सकाळचे दहा म्हणजे आमचे रात्रीचे साडेबारा किंवा साडेअकरा. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर लावाल तर तिकडे शनिवारची पहाट झालेली असते.

सहावं: लांब नंबरच नाही, किंवा तोही लागत नाही

काही संस्थांनी लांब नंबर दिलेलाच नसतो. तेव्हा मी ही युक्ती करते. पुण्यात भावाला त्याच्या मोबाइलवर साधा कॉल लावायचा, मी त्याला लावते म्हणजे आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे माझ्याकडे पडतात. त्याने मला होल्डवर ठेवून त्याच फोनवरून 1800 लावायचा, लागला की कॉल मर्ज करायचा. त्याचा फोन भारतात आहे म्हणून 1800 त्याला फुकट लागतो आणि मी मधे येते. व्हॉट्सॲप कॉलवर हे होत नाही, दोन्ही साधे कॉल लागतात. मेन्यूची बटणं त्यानेच दाबायची कारण माझ्याकडून दाबलेली कधी पोचतात कधी नाही.

यात एक गोष्ट सांभाळा, मर्ज कॉलवर तुम्ही जे बोलाल ते तो माणूस ऐकणार. म्हणून ही युक्ती सख्ख्या माणसाबरोबरच, आणि बँकेच्या माणसाला आधीच सांगा की लाइनवर माझा भाऊ आहे, काही जण त्याला हरकत घेतात आणि ते बरोबरही आहे. पिन आणि ओटीपी तर बोलायचा प्रश्नच नाही, खरी बँक ते तोंडी विचारत नाही.

इथे थांबा आणि दुसऱ्याला बोलवा

पैसे आत्ता जात असतील तर फोनच्या मागे दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका. ॲप किंवा नेट बँकिंगमधून कार्ड लॉक करा, ते फोनशिवाय होतं, मग बँकेला रजिस्टर्ड ईमेलवरून लिहा, व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ आणि "हा व्यवहार मी केलेला नाही" एवढं पुरे. 1930 परदेशातून लागला नाही तरी `cybercrime.gov.in` वर तक्रार लिहिता येते. घाई का, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय की चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि बँकेकडून कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत तर तुमच्यावर काही बोजा नाही, चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित रक्कम तुमच्या माथी, त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. "नंबर लागत नव्हता" म्हणून चार दिवस घालवले तर ते दिवस तुमचेच मोजले जातात, म्हणून ईमेल आधी टाका, त्यावर वेळ छापली जाते.

घरचा भारतातला नंबर लागतो पण बँकेचा लांब नंबर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवरून, दोन वेगळ्या दिवशी लावूनही लागला नाही तर आता तुमच्या हातात काही उरलेलं नाही. आपल्या इथल्या फोन कंपनीच्या कस्टमर केअरला तो पूर्ण नंबर द्या आणि विचारा की हा तुमच्याकडून अडवला जातोय का, ते त्यांच्या बाजूने बघू शकतात. घरचाही लागत नव्हता तर त्यांनाच आंतरराष्ट्रीय कॉल सुरू करायला सांगा. दुसऱ्या बाजूने भारतातल्या शाखेत घरच्या कोणाला तरी पाठवून तुमचं पत्र द्या आणि पोच घ्या.

बँकेने तक्रार घेतली पण तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर ऑनलाइन जाता येतं, त्यासाठी भारतात असायची गरज नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि कोणत्याही टप्प्यावर समोरच्याने मोबाइलवर एखादं ॲप टाकायला सांगितलं, स्क्रीन दाखवायला सांगितली किंवा ओटीपी वाचायला सांगितला, तर नंबर कितीही खरा वाटत असो, फोन ठेवा आणि कार्डामागचा नंबर पुन्हा स्वतःच्या हाताने, दहा आकडे मोजून लावा.